ताटाचा आवाज कानात टोचतो तेव्हा: हायपरअ‍ॅक्युसिसवर ध्वनी-उपचार आणि समुपदेशन, पायरीपायरीने

स्टीलचं ताट ओट्यावर ठेवलं की कानात सुई टोचल्यासारखं होतं. कुकरची शिट्टी झाली की खांदे आपोआप वर जातात. वर्गातली मुलं एकदम हसली की कान घट्ट धरावेसे वाटतात. श्रवणचाचणी केली तर ऐकू उत्तम येत असतं. घरचे म्हणतात, "एवढा काही मोठा नव्हता आवाज." ते खोटं बोलत नसतात आणि कान धरून बसलेला माणूसही नाटक करत नसतो. आवाज तोच असतो, पण एकाच्या मेंदूत तो जास्त मोठा होऊन पोचतो. या तक्रारीला हायपरअ‍ॅक्युसिस म्हणतात.

अशा वेळी जवळजवळ प्रत्येक जण पहिली गोष्ट करतो ती म्हणजे कानात कापसाचे बोळे घालणं. दोन-तीन दिवस बरं वाटतं. मग बोळे काढले की आधीपेक्षा जास्त लागतं, म्हणून ते आणखी वेळ ठेवले जातात. महिन्याभरात माणूस घरातही बोळ्यांशिवाय वावरू शकत नाही. या दुखण्याचा एक मोठा भाग त्या बोळ्यांनीच वाढवलेला असतो, आणि पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत.

शांततेने कान हळवे का होतात

कानातून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपल्याकडचं वाढवण्याचं बटण फिरवतो. रात्री वीज गेल्यावर पंखा थांबतो आणि अचानक भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागते, तसंच काहीसं हे. हायपरअ‍ॅक्युसिसमध्ये हे बटण वर गेलेलंच राहतं, असं आजचं प्रमुख स्पष्टीकरण आहे. ते वर जाण्याचं कारण वेगवेगळं असू शकतं: ढोलताशाच्या किंवा डीजेच्या भिंतीशेजारी घालवलेली संध्याकाळ, डोक्याला लागलेला मार, अर्धशिशी, चेहऱ्याचा लकवा, कधी काहीच सापडत नाही. पण एकदा ते वर गेलं की कानात बोळे घालणं म्हणजे आत जाणारा आवाज आणखी कमी करणं, आणि मेंदूचं उत्तर ठरलेलं असतं: बटण अजून वर.

अमेरिकेतले संशोधक क्रेग फॉर्म्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हे सरळ तपासून पाहिलं. ज्यांचं ऐकणं व्यवस्थित होतं अशा लोकांना दोन आठवडे जवळजवळ दिवसभर कानात बोळे घालून ठेवलं, तेव्हा त्यांना तोच आवाज आधीपेक्षा मोठा वाटू लागला. दोन आठवडे कानात हलका, सतत सळसळणारा आवाज देणारं यंत्र लावलं, तेव्हा उलट झालं. तोच आवाज त्यांना आधीपेक्षा लहान वाटू लागला. निरोगी कानात पंधरा दिवसांत एवढा फरक पडत असेल, तर वर्षभर बोळे घालून बसलेल्या कानाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. चांगली बातमीही त्यातच आहे. हे बटण दोन्हीकडे फिरतं.

आधी तपासणी, आणि तपासणीतच घ्यायची काळजी

पहिली भेट कान-नाक-घसा तज्ज्ञांची. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं असेल तर वाट पाहायची नाही, पहिल्या दोन-तीन दिवसांतच दाखवायचं, कारण त्यावरचे उपचार वेळेवरच लागू पडतात. चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं, चक्कर, कान वाहणं, नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धडधड, किंवा स्वतःची पावलं, चघळणं, अगदी डोळ्यांची हालचालही कानात ऐकू येणं, यांतलं काही असेल तर ते आवर्जून सांगा. शेवटच्या लक्षणामागे आतल्या कानाच्या हाडातली बारीक फट असू शकते आणि तिचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

दुसरी भेट ऑडिओलॉजिस्टची. ते रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी झालेले असावेत. फक्त यंत्र विकणाऱ्या दुकानातल्या मोफत चाचणीवर हे काम भागत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही श्रवणतपासणी होते. फोन करतानाच विचारा, "हायपरअ‍ॅक्युसिसचे रुग्ण तुम्ही पाहता का? आवाज कुठे असह्य होतो ती पातळी मोजता का?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर अडखळत आलं तर दुसरीकडे विचारलेलं बरं.

ती पातळी अशी मोजतात. हेडफोनमधून एक सूर लहान आवाजात देतात आणि हळूहळू वाढवत नेतात. जिथे तुम्ही हात वर करून "आता नको" म्हणता तो आकडा लिहितात. वेगवेगळ्या जाडी-बारीकपणाच्या सुरांसाठी, दोन्ही कानांसाठी, हेच पुन्हा होतं. साधारण माणसं श्रवणचाचणीच्या मापावर 90 ते 105 डेसिबलपर्यंत सोसतात. हायपरअ‍ॅक्युसिसमध्ये हा आकडा बरेचदा 80 च्या खाली येतो, काहींचा 60 पर्यंतही. इथे एक गोंधळ होतो. तपासणीतले डेसिबल आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर दिसणारे डेसिबल एकाच मापाचे नसतात. अ‍ॅपवर 70 दिसले म्हणजे तुमची मर्यादा आली असं धरू नका.

चाचणीत हात वर करायला लाजायचं नाही आणि "अजून थोडं सोसून बघतो" असंही करायचं नाही. इथे कोणी शाबासकी देणार नाही, फक्त आकडा चुकेल आणि पुढचे दोन दिवस कान ठणकतील. कानातल्या स्नायूची प्रतिक्षिप्त हालचाल बघायची एक चाचणी असते. तिच्यात बरेच मोठे आवाज देतात, म्हणून ती पहिल्याच दिवशी नको असं सांगता येतं. मळ काढायचा असेल तर ओढून घेणाऱ्या सक्शन नळीऐवजी हत्याराने काढायला सांगा, कारण ती नळी कानाच्या पडद्याजवळ फार मोठा आवाज करते. एमआरआय करायचा असेल तर आधीच कळवा आणि बोळे व वरून इअरमफ अशी दुहेरी झाकण मागून घ्या.

तीन वेगळ्या गोष्टी इथे हायपरअ‍ॅक्युसिसच्या नावाखाली येतात, त्या तज्ज्ञांकडून वेगळ्या करून घ्याव्यात. वयाने किंवा गोंगाटाने ऐकू कमी झालेल्या माणसाला हळू बोललेलं कळत नाही आणि जरा मोठ्याने बोललं की ओरडल्यासारखं वाटतं. तो कानातल्या पेशींचा दोष असतो आणि श्रवणयंत्राची मर्यादा नीट बसवून तो सांभाळतात. दुसरी, भुरके मारण्याचा, चघळण्याचा, पेन टिकटिकवण्याचा एखादाच ठरावीक आवाज मोठा नसूनही चीड आणतो. त्याला मिसोफोनिया म्हणतात. तिसरी, आवाज होईल या कल्पनेनेच भीती दाटते. एकाच माणसात यांची सरमिसळ असू शकते. पण इथे पुढे सांगितलेला आवाजाचा रोजचा कार्यक्रम मुख्यतः "सगळेच आवाज फार मोठे वाटतात" या तक्रारीसाठी आहे.

पहिली पायरी: बोळे काढणं, पण एका दिवसात नाही

एका आठवड्याची नोंद ठेवा: बोळे किंवा इअरप्लग किती तास, कुठे. बहुतेकांना आपण दिवसाला सात-आठ तास ते घालतो हे वहीत पाहिल्यावरच कळतं. मग सगळ्यात शांत जागेपासून सुरुवात करायची. झोपताना, वाचताना, एकटं घरात असताना. दर तीन-चार दिवसांनी अर्धा ते एक तास कमी करायचा. जो अर्धा तास उघडा केला त्यात खोली ठार शांत ठेवायची नाही, हलका आवाज चालू ठेवायचा. शांततेतून एकदम आवाजात जाणं हेच सगळ्यात जास्त टोचतं.

काही ठिकाणी मात्र बोळे घालायचेच आणि ते घालण्यात हार नाही. ड्रिल चालू असलेलं घर, फटाके, मिरवणूक, डीजे, गिरणी. तिथे निरोगी कानालाही इजा होते. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा हिशोब इथे उपयोगी पडतो: 85 डेसिबल आवाज आठ तास चालतो, आणि त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन तास, 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. मिरवणुकीत ढोलांच्या रांगेजवळ 100 सहज ओलांडले जातात, म्हणून तिथे झाकण. मिक्सर हाताच्या अंतरावर 80 ते 90 च्या घरात असतो आणि चटणी दोन मिनिटांत होते, त्यामुळे त्याने कानाची हानी होत नाही. तो त्रास देतो, नुकसान करत नाही. या दोन वाक्यांतला फरक समुपदेशनाचा निम्मा भाग आहे, म्हणून हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरी पायरी: दिवसभराचा हलका आवाज

ध्वनी-उपचार म्हटलं की काहीतरी संगीत ऐकायचं असेल असं वाटतं. तसं नाही. इथे लागतो तो एकसारखा, चढउतार नसलेला, लक्ष वेधून न घेणारा आवाज. संगीतात, बासरीतसुद्धा, अचानक उंच सूर येतात आणि मन त्यात गुंतून पडतं. पाण्याच्या झऱ्याचा किंवा संततधार पावसाचा आवाज चालतो. व्हाइट नॉइज या सतत सळसळणाऱ्या आवाजापेक्षा ज्याला पिंक नॉइज म्हणतात तो बहुतेकांना मऊ वाटतो, कारण त्यात बारीक सळसळ कमी असते. पावसाची फाइल घेताना ती आधी शेवटपर्यंत कोणीतरी दुसऱ्याने ऐकून बघावी. मध्येच गडगडाट असलेल्या फाइली पुष्कळ आहेत.

साधन साधं असू द्या. एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणि जुना फोन. फाइल उतरवून घ्या, ऑनलाइन चालवू नका, नाहीतर शांत पावसामध्ये मोठ्या आवाजातली जाहिरात येते आणि आठवड्याची कमाई एका क्षणात जाते. फोनवर विमान-मोड ठेवा (ब्लूटूथ त्यानंतर पुन्हा चालू करा), म्हणजे मेसेजची टिंग स्पीकरवर वाजणार नाही. फाइल लांब असावी, किमान तासभराची. छोटी फाइल पुन्हापुन्हा लावली की तिच्या सांध्यावर क्षणभर खंड पडतो आणि मन त्या खंडाची वाट पाहू लागतं. कान बंद करणारे इअरफोन नकोत. त्यांनी बाहेरचा आवाज अडतो आणि आपण नकळत पुन्हा बोळेच घालून बसतो.

आता आवाज किती ठेवायचा. स्पीकर सहा-सात फुटांवर ठेवा. आवाज पूर्ण बंद करा आणि हळूहळू वाढवत, तो जेमतेम ऐकू येईल तिथे थांबा. तिथून किंचित वर न्या. खूण अशी की काम करताना तो विसरला जावा आणि मुद्दाम कान दिला तर सापडावा. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला तर तो जास्त आहे. बाहेरचे आवाज झाकून टाकणं हा हेतू नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: मिक्सर ऐकू येऊ नये म्हणून पाऊस मोठा करणं. त्यात मेंदू काही शिकत नाही.

सुरुवात वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठकांनी करा: सकाळी आंघोळीनंतर, दुपारी, झोपण्यापूर्वी. तीन-चार दिवस हे सुखाने झालं की प्रत्येक बैठक रोज दहा मिनिटांनी वाढवा. दोन ते तीन आठवड्यांत दिवसाचे सहा ते आठ तास व्हायला हवेत. तिथवर आवाज तेवढाच ठेवायचा, फक्त वेळ वाढवायचा. वेळ पूर्ण झाल्यावरच आवाजाला हात लावायचा. फोनच्या बटणाची एक पायरी खालच्या पातळीवर फार मोठी उडी ठरते, म्हणून स्पीकर आठवड्याला अर्धा ते एक फूट जवळ आणणं जास्त सोपं आणि जास्त मऊ. वेळ आणि आवाज दोन्ही एकाच आठवड्यात कधीही वाढवू नका. त्रास झाला तर कशाने झाला ते कळणार नाही.

आपल्याकडचा छताचा पंखा हे फुकटचं ध्वनी-उपचार यंत्र आहे. उन्हाळ्यात रात्रभर तो आपलं काम करतोच. थंडीत तो बंद होतो आणि पहाटेच्या शांततेत दुधाच्या कॅनचा आवाज घणासारखा लागतो. अनेकांना डिसेंबरात अचानक "वाढलं" असं वाटतं त्याचं एक कारण हे आहे. थंडीत पंख्याऐवजी रात्री स्पीकर लावा.

दिवसभर बाहेर काम असेल तर कानामागे बसणारी छोटी यंत्रं मिळतात. ऑडिओलॉजिस्ट ती बसवून देतात. घेताना दोन गोष्टी पाहायच्या. कानात जाणारी टोपी उघडी, छिद्रांची असावी, म्हणजे बाहेरचा आवाज अडणार नाही. आणि त्रास एकाच कानाला असला तरी यंत्र सहसा दोन्ही कानांना लावतात, कारण एकाच बाजूने आवाज दिला की दोन कानांतला तोल आणखी बिघडतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र आणि हा आवाज एकाच यंत्रात मिळतो. घरातल्या स्पीकरवर महिनाभर काम करून मगच यंत्रावर खर्च करावा, असं आमचं मत आहे. घरच्या आवाजाने काहीच फरक पडत नसेल तर महागड्या यंत्राआधी निदान पुन्हा तपासून घेणं शहाणपणाचं.

पातळी बरोबर आहे की नाही ते संध्याकाळी कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. दिवसा थोडं जडपण आलं आणि तास-दोन तासांत गेलं तर तसंच चालू ठेवा. सकाळी उठल्यावरही कान भरलेले, दुखरे असतील तर आधीच्या आठवड्याच्या वेळेवर आणि अंतरावर परत या आणि तिथे सात दिवस थांबा.

तिसरी पायरी: समुपदेशनात नेमकं काय होतं

"मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं म्हणजे हे सगळं मनाचं आहे असं म्हणायचंय का?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो. उत्तर नाही असं आहे. आवाज कानातून आल्यावर मेंदूत दोन वाटांनी जातो. एक ऐकण्याची, दुसरी धोका ओळखण्याची. धोक्याची घंटा वाजली की छाती धडधडते, जबडा आणि मान आवळली जाते, सगळं लक्ष कानावर जातं आणि तोच आवाज आणखी मोठा लागतो. माणूस तिथून उठून जातो, लगेच बरं वाटतं, आणि मेंदू धडा घेतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी घंटा लवकर वाजते. समुपदेशन या साखळीवर काम करतं. स्वीडनमध्ये 60 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा बैठकांच्या वर्तन-विचार उपचाराने, म्हणजे ज्याला सीबीटी म्हणतात त्याने, नुसती वाट पाहणाऱ्या गटापेक्षा लोकांची आवाज सोसण्याची मर्यादा वाढलेली दिसली.

बैठकीत आधी आवाजामागचा विचार शब्दांत पकडला जातो. "नको वाटतं" एवढ्यावर समुपदेशक थांबत नाहीत. "ताट पडलं तर नेमकं काय होईल असं वाटतं तुम्हाला?" "कानाचा पडदा फाटेल. ऐकू येणार नाही." हा दावा तपासता येतो. मग एक तक्ता बनतो, चार रकान्यांचा: आवाज कोणता, काय होईल असं वाटतं, प्रत्यक्ष काय झालं, अर्ध्या तासानंतर कसं आहे. दुसरा रकाना आवाज होण्यापूर्वीच भरायचा, नंतर नाही. नंतर भरला की आठवण आपल्या भीतीच्या बाजूने बोलते.

मग पायऱ्या ठरतात. कुकरच्या शिट्टीचं उदाहरण घेऊ. पहिली पायरी: दोन दारं लावून शेवटच्या खोलीत, पावसाचा हलका आवाज चालू, आणि कुकर कधी लावला ते घरच्यांनी सांगितलेलं. नंतर एक दार उघडं. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. मग ओट्याशी, पण गॅस बंद करण्याचं बटण स्वतःच्या हातात. सगळ्यात शेवटी, कोणी सांगितलेलं नसताना. प्रत्येक पायरी किमान तीन-चार दिवस, आणि दोनदा "दहापैकी तीन" एवढाच त्रास झाला की पुढची. आवाज आपण स्वतः केला की कमी लागतो, हे लक्षात ठेवून भांड्यांची पायरी नेहमी स्वतःच्या हातानेच सुरू करावी: चमचा टॉवेलवर, चमचा ओट्यावर, वाटी ताटात, ताटावर ताट. दुसऱ्याच्या हातून त्याच क्रमाने नंतर.

इथे दोन प्रकारे बिघडतं. एक म्हणजे पायरीवर उभं राहून सगळं लक्ष कानावर ठेवणं, "आता दुखतंय का, आता?" असं तपासत राहणं. त्यासाठी हातात काम असू द्या: कांदा चिरणं, कणीक मळणं. दुसरं म्हणजे घरच्यांनी "सवय होईल" म्हणून मुद्दाम भांडी आपटणं. त्याने धोक्याची घंटा आणखी पक्की होते. कुटुंबातल्या एका माणसाला पहिल्याच बैठकीला सोबत न्या, म्हणजे हे तज्ज्ञांच्या तोंडून ऐकलं जाईल.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा, प्राथमिक शाळेतल्या 38 वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर त्यांच्या कानात शीळ वाजू लागली आणि पंधरा दिवसांत वर्गाचा गोंगाट असह्य झाला. श्रवणचाचणी चांगली. उजव्या कानाची सोसण्याची मर्यादा चार सुरांवर 75, 70, 70 आणि 60, सरासरी 69. डाव्याची 75, 75, 70, 65, सरासरी 71. बोळे दिवसाला नऊ तास.

पहिले तीन आठवडे त्यांनी फक्त दोन गोष्टी केल्या: घरातले बोळे काढले आणि पावसाचा आवाज तासाभरापासून सहा तासांवर नेला. बोळे पाच तासांवर आले, ते सगळे शाळेतले. चौथ्या आठवड्यात त्या रिकाम्या वर्गात दहा मिनिटं बोळ्यांशिवाय बसू लागल्या, मग चाचणी लिहिणाऱ्या, म्हणजे गप्प असलेल्या, वर्गात. कवितेचा तास शेवटी ठेवला, कारण मुलं एकसुरात ओरडून म्हणतात. तक्त्यात त्यांनी लिहिलं होतं, "कविता झाली की दिवसभर कान दुखेल, दहापैकी नऊ." प्रत्यक्षात झालं पाच, आणि अर्ध्या तासाने दोन.

सातव्या आठवड्यात सोसायटीतल्या लग्नाचा बँड दारातून गेला. दोन दिवस कान ठणकले, त्यांनी पुन्हा बोळे घातले आणि "सगळं पहिल्यासारखं झालं" असं वाटलं. इथे पुष्कळ लोक उपचार सोडतात. त्यांनी ठरल्याप्रमाणे केलं: दोन दिवस शांत ठिकाणी पण निःशब्द नाही, स्पीकर दोन फूट मागे, शाळेतल्या पायऱ्यांपैकी मागची एक, आणि बोळे फक्त रस्त्यावर. आठव्या दिवशी त्या होत्या तिथे परत आल्या. चार महिन्यांनी मर्यादा मोजली तेव्हा उजव्या कानाची 85, 85, 80, 75 आणि डाव्याची 85, 85, 85, 80. म्हणजे दोन्हीकडे साधारण 12 डेसिबलची वाढ. साधारण माणसाची पातळी अजून गाठलेली नाही, पण वर्ग, कुकर आणि रिक्षा त्या पातळीखाली आले. कानातली शीळ राहिली आहे, मात्र ती आता रात्रीच जाणवते.

प्रत्येकाचं इतकं सरळ होत नाही. सहा महिने ते दीड वर्ष हा नेहमीचा काळ धरा, आणि मोजणी दर दोन-तीन महिन्यांनीच करा. रोज अ‍ॅपवर आवाज मोजणं किंवा कान तपासून पाहणं हा उपचार नाही.

जिथे हा कार्यक्रम थांबवायचा

काहींना आवाज फक्त मोठा लागत नाही, तर कानात जळजळ, भोसकल्यासारखी कळ येते. ती काही तासांनी सुरू होते आणि दिवसेंदिवस टिकते. या वेदनेच्या प्रकारावर ध्वनी-उपचार किती काम करतो याचा पुरावा अजून तोकडा आहे, आणि घाईने पायऱ्या चढल्या तर तो नक्की बिघडतो. अशांनी घरी स्वतःच्या मनाने आवाज वाढवू नये. त्यांचा वेग आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजावा लागतो, जबडा आणि मान फिजिओथेरपिस्टला दाखवावी लागते, आणि अर्धशिशी असेल तर तिचा उपचार आधी. हायपरअ‍ॅक्युसिसवर खात्रीने लागू पडणारी गोळी आज नाही, त्यामुळे तसं सांगून कोणी महागडे कोर्स विकत असेल तर पैसे राखून ठेवा.

झोप पूर्ण उडाली, घराबाहेर पडणंच बंद झालं, किंवा जगणं नको असे विचार येऊ लागले, तर आवाजाच्या पायऱ्या बाजूला ठेवून आधी तिथे मदत घ्या. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीतून बोलता येतं.

लहान मुलांत, विशेषतः स्वमग्न मुलांत, कान झाकणं हे बऱ्याचदा सांगण्याचं एकमेव साधन असतं. त्यांना हॉलमध्ये किंवा लग्नात इअरमफ जरूर द्या, पण घरी ते काढून ठेवण्याची ठरलेली वेळ असावी. मिक्सरचं बटण त्यांच्या बोटाखाली दिलं, तर तो आवाज त्यांना सांगून येतो, आणि हवा तेव्हा त्यांना तो थांबवताही येतो.

आवाज सोसण्याची मर्यादा दोन तपासण्यांत स्थिर दिसली आणि बोळे रोजच्या वापरातून गेले की स्पीकर आधी दुपारचा बंद करा, महिन्याभराने सकाळचा. रात्रीचा सर्वांत शेवटी. मिरवणुकीच्या दिवसांसाठी इअरप्लगची एक जोडी खिशात राहू द्या.